सुई एक, रोग दोन



दिवाळी सरली, थंडी पडली की आपल्या भागात गुरांच्या अंगावरचे केस जायला लागतात. वासराच्या डोळ्याभोवती पांढरा चट्टा दिसला, घरचे म्हणतात खरूज झाली. शेळी दिवसभर कुडाला कान घासत उभी राहिली, तरी खरूजच झाली. नाव एक म्हणून औषधही एक. बाटली फोडायची, दावणीतल्या साऱ्या जनावरांना सुई टोचायची आणि दहा दिवसांनी दुकानदाराला शिव्या द्यायच्या की औषध डुप्लिकेट निघाले. माझे म्हणणे असे की बहुतेक वेळा औषध चांगले असते. ते ज्या रोगाचे नाही त्या रोगाला दिलेले असते, किंवा अर्धेच दिलेले असते. दोन्ही प्रकारांत पैसा मात्र आपल्याच गाठीचा जातो.

कपाशी आणि ज्वारी पिकवणाऱ्या माणसाला ही गोष्ट समजायला जड जाऊ नये. कपाशीवर लाल कोळी पडतो. तो आठ पायांचा बारीक जीव आहे, पानाच्या मागे बसून रस शोषतो. ज्वारीच्या कणसाला काणी लागते. ती बुरशी आहे, दाण्याच्या जागी काळी भुकटी भरते आणि ती बियाण्याला चिकटून पुढच्या वर्षी पुन्हा उगवते. कोळ्याचे औषध काणीवर कोणी मारत नाही. जनावराच्या कातडीवरही नेमके हेच दोन शत्रू आहेत. खरूज म्हणजे लाल कोळ्याच्या भावकीतला किडा, तो कातडीत घुसतो किंवा कातडीवर बसून खातो. गजकर्ण, ज्याला कोणी नायटा म्हणतात, ती काणीसारखी बुरशी. ती केसात आणि कातडीच्या वरच्या थरात वाढते आणि तिची भुकटी खपलीबरोबर गोठाभर सांडते. शिवारात आपण एवढे हुशार आणि गोठ्यात शिरलो की दोन्ही एकाच सुईने मारायला निघतो.

काटोल तालुक्यातल्या एका गोठ्याचा हिशेब मांडतो. बैलजोडी, एक दुभती गाय, तीन वासरे आणि अकरा शेळ्या. शेळ्यांत सात मोठ्या, त्यातल्या दोन दुभत्या, आणि चार करडे. पौषात शेळ्यांना खाज सुटली, त्याच सुमारास वासरांच्या तोंडावर चट्टे आले. घरधन्याने आयव्हरमेक्टिन आणले आणि एका सुई टोचणाऱ्याला बोलावले. त्याने बैलांना सात-सात मि.ली., गाईला साडेपाच, वासरांना दीड-दीड आणि शेळ्यांना लहानमोठी न बघता सरसकट अर्धा अर्धा मि.ली. टोचला. एकूण खर्ची पडले साडेएकोणतीस मि.ली. आठ दिवसांत शेळ्यांची खाज थांबली, सारे खूष. महिन्याच्या आत ती पुन्हा सुरू झाली. वासरांचे चट्टे तर हलले नाहीत, उलट तिघांच्याही मानेपर्यंत उतरले. आम्ही गेलो तेव्हा घरधनी म्हणाला, "भाऊ, औषधच नकली हाये, तुमच्या संघटनेनं त्या दुकानदारावर मोर्चा काढा."

मोर्चा काढण्याआधी सोबतच्या पशुवैद्यकाने जनावरे नीट पाहिली. कसे पाहिले ते सांगतो, कारण यातले बरेचसे घरच्या माणसालाही करता येते.

पहिला प्रश्न खाजेचा. गोठ्याबाहेर पाव तास नुसते उभे राहा. खरजेचे जनावर पाव तास स्वस्थ उभे राहूच शकत नाही. ते खुंट्याला घासते, मागच्या पायाने कान खाजवते, पाठ दाताने चावते, रात्रीची झोप जाते आणि चाऱ्यावरून मन उडून वाळत जाते. तुम्ही चट्ट्यावर नखाने हलके खाजवले तर शेळी मान ताणून ओठ हलवायला लागते. गजकर्णाचे वासरू मात्र चट्टे घेऊन निवांत रवंथ करते. थोडी खाज त्यालाही येते, पण जीव कासावीस होत नाही.

दुसरे म्हणजे चट्ट्याचे रूप. गजकर्णाचा चट्टा गोल असतो, रुपयाएवढा, वाढून बशीएवढा होतो, कडा ठळक. त्यावर राखाडी-पांढरी, सुकलेल्या चुन्यासारखी जाड खपली, आणि केस उपटल्यासारखे न दिसता मुळाशी तुटलेले दिसतात. जागा ठरलेली: डोळ्याभोवती, कानावर, गालावर, मानेवर. जनावर बहुधा वर्षाच्या आतबाहेरचे. खरजेला असा आकार नसतो. केस विरळ होत जातात, कातडी जाड होऊन हत्तीच्या कातडीसारख्या सुरकुत्या पडतात, खाजवून रक्त आणि ओली खपली येते. शेळीत ती कान, नाक, ओठ यांपासून सुरू होते. गाईबैलात मान, शेपटीचे मूळ, मांडीचा आतला भाग बघावा. वयाचे बंधन तिला नाही.

तिसरी खूण घरातल्या माणसांवर असते. त्या घरच्या वहिनींच्या कोपराजवळ गोल लाल कडा उठली होती, वासराला पाजताना त्याचे तोंड जिथे टेकते तिथेच. वासराचे गजकर्ण माणसाला लागते. त्यांनी दुकानातून एक मलम आणले होते, चार दिवस बरे वाटले आणि मग कडा दुप्पट पसरली. बुरशीच्या औषधात स्टेरॉइड मिसळलेली अशी मलमे सर्रास विकली जातात. ती लाली दाबतात आणि बुरशीला मोकळे रान देतात. माणसाचे गजकर्ण माणसांच्या डॉक्टरला दाखवावे. शेळीची खरूजही माणसाच्या हातावर पुरळ आणते, पण तो किडा आपल्या अंगावर वंश वाढवत नाही, शेळी बरी झाली की ते पुरळ बहुधा आपोआप जाते.

डोळ्याने भागत नसेल तर खरवड तपासावी. बोथट पात्याने चट्ट्याच्या कडेला, मधोमध नव्हे, रक्ताचा बारीक ठिपका दिसेपर्यंत खरवडायचे आणि ती खरवड घट्ट बुचाच्या बाटलीत घालायची. गजकर्णाच्या संशयाला कडेचे तुटके केस आणि कोरडी खपली कागदाच्या पाकिटात द्यायची. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम सुटतो आणि दुसरीच बुरशी वाढते. नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून आहे, २००० पासून पशुविज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही नागपुरातच आहे. काटोलहून नागपूरला रोज माणसे जातात, त्यांच्या खिशात एक बाटली आणि एक पाकीट जाऊ शकते. एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवा. खरजेचा किडा खोल बसतो, एका खरवडीत सापडला नाही म्हणून खरूज नाही असे ठरत नाही. खाज जोरात असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या जागेची खरवड घ्यावी.

त्या गोठ्यात मग उघड झाले की रोग एक नव्हता, दोन होते. शेळ्यांना खरूज, वासरांना गजकर्ण, बैलांना आणि गाईला काहीच नाही. आयव्हरमेक्टिन किड्याचे औषध आहे, बुरशीला ते शिवतही नाही. म्हणजे वासरांचे साडेचार मि.ली. मातीत गेले. बैलांचे चौदा विनाकारण गेले. गाईचे साडेपाच तर घातक ठिकाणी गेले, कारण हे औषध कातडीखाली टोचल्यावर पुष्कळ दिवस दुधात उतरत राहते आणि त्या घरची पोरे तेच दूध पीत होती. दुभत्या जनावराला ही सुई देऊ नये हे बाटलीच्या कागदावर छापलेले असते, पण तो कागद कोण वाचतो आणि कोणत्या भाषेत वाचतो? आपल्या भाषेत, दिसेल अशा अक्षरात ते छापा, ही मागणी आपण कपाशीच्या औषधांसाठी करतो, ती इथेही केली पाहिजे.

शेळ्यांना तरी गुण का टिकला नाही? दोन कारणे. ही सुई जिवंत किड्यांना मारते, अंड्यांना नाही. अंडी फुटून नवे किडे तयार होतात म्हणून चौदाव्या दिवशी दुसरी सुई लागते. ती दिली नाही तर पहिलीचे पैसे बुडाले असे समजा. दुसरे कारण मापाचे. एक टक्क्याचे औषध पन्नास किलो वजनाला एक मि.ली. असते. डोळ्याने वजन धरले की मोठ्या शेळीला कमी पडते आणि करडाला दुप्पट जाते. आपल्या घरी कापूस मोजायचा काटा टांगलेला असतो. त्याला पोत्याची झोळी अडकवून शेळी मोजायला दोन मिनिटे लागतात. अठ्ठावीस किलोच्या शेळीला अर्ध्या मि.ली.पेक्षा थोडे जास्त आणि बारा किलोच्या करडाला पाव मि.ली.पेक्षा किंचित कमी. त्यासाठी एक मि.ली.ची बारीक सिरिंज घ्या, बैलाच्या सिरिंजने पाव मि.ली. मोजता येत नाही. सुई कातडीखाली द्यायची, आणि कळपातल्या साऱ्या शेळ्यांना एकाच दिवशी, खाजवत असो वा नसो. गाभण किंवा फार खंगलेल्या जनावराचे आधी डॉक्टरला विचारावे. सुई दिलेला बोकड कसायाला विकायचा असेल तर औषधाच्या कागदावर दिलेले दिवस, साधारण पाच आठवडे, थांबावे.

त्या घरी दुभत्या दोन शेळ्या सोडून नऊ जणींना या मापाने सुई दिली. दोन्ही खेपांचे मिळून आठ मि.ली.सुद्धा लागले नाही. आधी तीस गेले आणि रोग राहिला, नंतर आठात गेला. यालाच आपण उलटी पट्टी म्हणतो.

दुभत्या दोघींना गंधक लावले. गंधक ज्वारीच्या बियाण्याला काणीसाठी चोळायची आपली जुनी रीत आहे, तेव्हा ही वस्तू अनोळखी नाही. मात्र फवारणीसाठी पाण्यात मिसळायचे गंधक घेऊ नका, औषधी दुकानातली साधी गंधकाची भुकटी घ्या. एक भाग भुकटी आणि नऊ भाग करंजाचे तेल खलून ते आधी खपली साबणपाण्याने मऊ करून काढलेल्या जागी लावायचे. दिवसाआड, निदान तीन आठवडे. एका वेळी सारे अंग माखू नये, आणि सडाला लागले तर पाजण्या-दोहण्याआधी धुवावे. काम किचकट आहे, घरच्या बाईच्या डोक्यावर आणखी एक काम येते हे मला मान्य आहे, म्हणून तो भार पुरुषांनी उचलावा. जास्त जनावरे असतील तर अमिट्राझच्या पाण्याने धुणे हा दुसरा उपाय आहे. साडेबारा टक्क्यांचे औषध एका लिटरला दोन मि.ली. हे रोजचे माप. खरजेला ते वाढवायचे का हे कागदावरून आणि डॉक्टरकडून ठरवावे. पाणी ताजे करावे, त्याच दिवशी संपवावे, हातात मोजे घालावे.

इथे एक गोष्ट कडक शब्दांत सांगतो. कपाशीच्या फवारणीची उरलेली बाटली जनावराच्या अंगावर रिकामी करण्याची सवय आपल्या जिल्ह्यात आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. जे विष कपड्यातून माणसाच्या अंगात गेले, ते खाजवून सोललेल्या कातडीतून बैलाच्या अंगात जाणार नाही का? शिवाय जनावर अंग चाटते. लाळ गळायला लागली, अंग थरथरले, पातळ शेण झाले की समजा विष भिनले. लगेच साबणाने अंग धुवा आणि डॉक्टरला बोलवा. मोटारीचे जळके तेल लावणेही तसलेच. त्याने कातडी भाजते आणि चाटल्यावर ते पोटात जाते.

वासरांचे गजकर्ण खरे म्हणजे दोन ते चार महिन्यांत बहुधा आपोआप बरे होते आणि एकदा झालेल्या जनावराला सहसा पुन्हा होत नाही. मग औषध कशाला, असे कोणी विचारील. औषध त्या वासरासाठी कमी आणि बाकीच्यांसाठी जास्त आहे, खपली सांडणे थांबावे म्हणून. हातात मोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी घालून कोमट साबणपाण्याने खपली भिजवायची, जुन्या दातांच्या ब्रशने हलके काढायची, खाली वर्तमानपत्र अंथरून ती गोळा करून जाळायची. मग पोव्हिडोन आयोडीन किंवा व्हिटफिल्डचे मलम चट्ट्याबाहेर बोटभर अंतरापर्यंत लावायचे. पहिला आठवडा रोज, मग दिवसाआड, तीन-चार आठवडे. डोळ्याजवळ हे लावू नये, तिथले मलम डॉक्टरने द्यावे. वासराला ऊन मिळू द्या आणि शक्य असेल तेवढा हिरवा पाला घाला. नुसत्या कडब्यावर आणि कुटारावर ठेवलेल्या, दुधाला तोडलेल्या वासरालाच ही बुरशी जास्त धरते. मधून केस उगवू लागले आणि कडेचा कोंडा थांबला की बरे होते आहे असे समजावे.

आता मुद्दा राहिला तो बुरशी आली कुठून याचा. त्या घरी बाजारातून नवे जनावर आले नव्हते. विचारता विचारता कळले की मागच्या हिवाळ्यात विकलेल्या कालवडीला असेच चट्टे होते. ती बांधायची त्याच सागवानी खांबाला यंदा वासरे बांधली होती. गजकर्णाची भुकटी कोरड्या जागी, लाकडाच्या भेगेत, वर्षभर आणि त्याहून जास्तही जिवंत राहते. खरजेचा किडा जनावरावाचून काही दिवस, थंड ओलसर जागी फार तर दोन-तीन आठवडे टिकतो. हा फरक लक्षात ठेवला तर सफाईचा हिशेब जमतो. खरजेत शेळ्यांची जागा झाडून, खालचा कचरा दूर खड्ड्यात टाकून, खुंटे-कूड तीन आठवडे शेळ्यांना शिवू दिले नाही तरी पुष्कळ भागते. गजकर्णात वाट पाहून भागत नाही, तिथे घासावे लागते.

त्या घरी खांबावरचे शेण आणि वाळलेली खपली आधी खरडून काढली. शेणमातीवर औषध ओतले तर ते तिथेच मरते. मग दहा लिटरच्या बादलीत दोनशे ग्रॅम ताजे ब्लीचिंग पावडर कालवून वरचे पाणी खांबाला, गव्हाणीला, कुडाला फासले आणि अर्धा तास ओले ठेवले. त्या वेळी जनावरे बाहेर, माणसाच्या तोंडाला फडके, आणि फिनेल किंवा ॲसिड त्यात मिसळायचे नाही. वाळल्यावर चुना. खांब पेटत्या पलित्याने भाजून काढायची कल्पना एकाने मांडली होती. बाजूला पऱ्हाटीचा ढीग आणि वर गवताचे छप्पर पाहून ती तिथेच सोडली.

आणि खरारा. सारे गाव पोळ्याला बैलांना खरारा करते, आणि तो एकच खरारा वाड्यावाड्यांतून फिरतो. बैल झाला की तोच वासरावर, तोच शेळीवर. झूल मागून आणायची, म्होरकी मागून आणायची. पोळ्याचा मान मला ठाऊक आहे, पण चोळायची वस्तू मागून आणण्याने त्या मानात भर पडत नाही. निदान खरारा आणि दावे घरचेच असावे, आणि आजारी जनावराचे वेगळे, ओळखायला लाल चिंधी बांधलेले. लोखंडी खरारा केस काढून पाण्यात वीस मिनिटे उकळावा. लाकडी ब्रश आणि जुनी सुताची दावी जाळून टाकावी, ती वाचवण्यात फायदा नाही. झूल उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात घालावी. चांगल्या जनावरांचे आधी करायचे, आजाऱ्याचे शेवटी, आणि मग हात साबणाने धुवायचे. बाजारातून आणलेली शेळी किंवा गोऱ्हा महिनाभर वेगळा बांधावा. जागा नाही म्हणणाऱ्यांनी अंगणातल्या झाडाला बांधावा.

अंगावरच्या साऱ्याच गाठी-चट्ट्यांना ही दोनच नावे नाहीत, हेही सांगितले पाहिजे. ताप येऊन अंगभर टणक गाठी उठल्या तर तो लम्पी असू शकतो. २०२२ साली त्यापायी राज्यातले गुरांचे बाजार बंद झाले होते ते आपण विसरलेलो नाही. तिथे खरवडत बसू नये, दवाखान्याला त्याच दिवशी कळवावे.

जिल्हा बैठकीपुढे माझी मागणी नेमकी आहे. सरकारी शिबिरात एका दिवसात गावाची सारी गुरे टोचून आकडा भरला जातो, दुसऱ्या सुईची तारीख कोणी देत नाही. असल्या शिबिराला आपण यापुढे नाही म्हणावे. कातडीच्या रोगासाठी शिबिर लावायचे तर त्याच पत्रकावर चौदा दिवसांनंतरची दुसरी तारीख छापलेली असावी. प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात चालू स्थितीतला सूक्ष्मदर्शक असावा आणि सुईआधी कोणता रोग हे चिठ्ठीवर लिहून मिळावे. काही मित्र म्हणतात, कापसाला भाव नाही तिथे शेळीच्या खाजेचे काय घेऊन बसलात. ज्या वर्षी कापूस पडतो त्या वर्षी घरात मीठमिरची त्याच शेळीवर येते, म्हणून हा विषय घेतला.

आखरावर ज्यांच्या शेळ्या एकत्र बसतात त्या घरांनी मिळून दिवस ठरवावा, कारण एकाने टोचून दुसऱ्याने सोडले की पंधरा दिवसांत किडा परत येतो. काटोलच्या त्या गोठ्यात होळीपर्यंत वासरांचे केस भरून आले. दहा शेळ्या बऱ्या झाल्या. एका दुभतीचा कान अजून खाजतो, तिची खरवड पुन्हा नागपूरला पाठवली आहे.